निरोपाच्या भाषणात मी का रडले नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, तुमचा लेख वाचून खरंच वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलात, त्या नानांच्या निरोपाला तुम्ही पुराची हकिगत सांगून खाली बसलात. हा संयम नाही, हा सरकारी कोरडेपणा आहे. भावना दाबल्या की शरीराला त्रास होतो, हे आता विज्ञानही सांगतं. मी माझ्या मॅडमच्या निरोपाला माइकवरच ढसाढसा रडले आणि मला त्याची लाज वाटत नाही. अल्पोपहाराचं वर्णनही नको तितकं लांबलंय.»

स. न. वि. वि.

अल्पोपहाराचा परिच्छेद लांबला होता हे मला मान्य आहे आणि तो मी कमी केला आहे. आपल्या रडण्याची लाज बाळगण्याचे काही कारण नाही, हेही मान्य. पण ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, त्याच्या आणि माझ्या नात्याचा निवाडा आपण ज्या सहजतेने दोन शब्दांत करून टाकलात, तो सूर मला खटकला. मतभेद असू शकतो. तो मांडताना समोरच्या माणसाला काळीज नाही असे गृहीत धरण्याची गरज नसते. ‘सरकारी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरला आहे, म्हणून त्याच कार्यालयातला तो दिवस जरा नीट सांगते.

आमच्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या कार्यालयात ३१ मे रोजी निरोप एकाचा नसतो. त्या दिवशी आमच्या मंचावर नानांसह चार सत्कारमूर्ती बसले होते. नानांच्या डाव्या हाताला आमचे वाहनचालक होते. त्यांच्याविषयी बोलण्यासाठी आदल्या दिवसापर्यंत कोणीही नाव दिलेले नव्हते. पहिल्या रांगेत त्यांची पत्नी आणि दोन नातवंडे होती. नानांसाठी मी माइकवर हुंदके देत राहिले असते, तर मांडीवर शाल आणि नारळ सांभाळत शेजारी बसलेल्या त्या माणसाने आपल्या घरच्यांकडे कोणत्या तोंडाने पाहायचे, याचा विचार आपण केला आहे का? जवळच्या माणसावरचे प्रेम भर सभेत उधळताना ते दुसऱ्या कोणाच्या वाट्यातून वजा होत नाही ना, हे पाहणे मला आवश्यक वाटते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या निरोप समारंभाचा क्रम ठरलेला असतो : प्रास्ताविक, सत्कार, सहकाऱ्यांची भाषणे, मग सत्कारमूर्तींचे मनोगत आणि शेवटी अध्यक्षीय भाषण. म्हणजे आपण बोलून खाली बसलो की ज्याला निरोप द्यायचा, त्याला उभे राहून बोलायचे असते. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका कार्यालयात असताना, निवृत्त होणाऱ्या साहेबांविषयी बोलता बोलता त्यांच्या जवळच्या मित्राचा बांध फुटला. सभागृह हेलावले, अनेकांनी डोळे पुसले आणि भाषण गाजले. मग साहेब उठले, माइकपाशी गेले, खिशातून घडी घातलेले कागद काढले आणि एक शब्दही न फुटता हात जोडून परत बसले. ते कागद त्यांनी कित्येक रात्री जागून लिहिले होते. त्यात कोणाकोणाचे आभार होते, हे त्यांच्या पत्नीने मला नंतर सांगितले. सबंध नोकरीत त्यांना आपल्या लोकांसमोर मनातले बोलण्याची ती एकच संधी होती आणि ती मित्राच्या अश्रूंत गेली. तेव्हापासून मी हे मनाशी पक्के धरले आहे की मंचावर मोकळे होण्याचा पहिला हक्क जाणाऱ्याचा असतो. राहणाऱ्याने आपला आवाज सांभाळावा, म्हणजे जाणाऱ्याला आपला सोडता येतो.

आवाज सांभाळणे आपोआप होत नाही. मी भाषण मोठ्या अक्षरांत लिहून काढले आणि घरी मोठ्याने वाचले, कारण मनात वाचताना घसा कोठे दाटतो ते कळत नाही. तो एका वाक्यावर दाटत होता. ते वाक्य मी शेवटून काढून मध्ये घेतले, कारण शेवटच्या वाक्यावर कंठ दाटला तर सावरायला पुढे काही उरत नाही. त्याच्यानंतर लगेच एक साधे, माहितीचे वाक्य ठेवले आणि पाण्याचा पेला हाताशी ठेवला. जिथे ‘मला नाना किती जवळचे’ असे लिहिले होते, तिथे नानांनी केलेली एक गोष्ट घातली.

ती गोष्ट म्हणजे सप्टेंबर २००८चा पूर. गोदावरीचे पाणी सराफ बाजारात शिरले होते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी आले, यावरून नाशिककर पूर मोजतात; त्या दिवशी सगळे शहर तेच विचारत होते. नाना दूरध्वनीपाशी बसून गंगापूर धरणातून सुटणाऱ्या पाण्याचे क्युसेकचे आकडे दर तासाला नोंदवहीत उतरवत होते आणि पुढे कळवत होते. त्यांचे स्वतःचे घर पंचवटीत तळमजल्यावर. घरात पाणी आल्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी घरच्यांना वर शेजाऱ्यांकडे जायला सांगितले, रिसीव्हर ठेवला आणि पुढचा आकडा लिहिला. त्या पानावरचे अक्षर कुठेही हललेले नाही. हे मी सभेत सांगितले. आपल्याला त्यात आकडेवारी दिसली. सभागृहातल्या ज्यांनी ती रात्र काढली होती, त्यांना काय दिसले ते मी मंचावरून पाहत होते.

राहिले आमच्यातले. माझ्या घरी आजारपण होते त्या वर्षी नानांनी माझ्यासाठी जे केले, ते आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. त्यात त्यांच्या घरच्याही काही गोष्टी येतात. त्या सभेत सांगायची परवानगी मला त्यांनी दिलेली नव्हती, आणि मी इथेही सांगणार नाही. जवळीक जितकी खरी, तितका तिचा मजकूर दुसऱ्याच्या मालकीचा असतो. त्याच संध्याकाळी मी नानांच्या घरी गेले, त्यांच्या आणि वहिनींच्या समोर बसले आणि जे बोलायचे ते सगळे बोलले. तिथे मी रडले, नानाही रडले. मूळ लेखात याचा उल्लेख होता; आपण बहुधा तिथपर्यंत वाचले नसावे.

विज्ञानाविषयी थोडक्यात. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत, चित्रफीत पाहताना भावना चेहऱ्यावर दिसू न देण्यास सांगितलेल्या लोकांची आतली भावना तितकी ओसरली नाही आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. आपला मुद्दा इथवर बरोबर आहे. परंतु तो प्रयोग त्या घटकेपुरता होता. जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, प्रसंगानुसार भावना दाखवणे आणि आवरणे ही दोन्ही ज्यांना चांगली जमत होती, त्यांना पुढच्या काळात मानसिक त्रास कमी झाल्याचे आढळले. दुपारी आवरणे आणि संध्याकाळी मोकळे होणे याला आपण कोरडेपणा म्हणत असाल, तर या विषयावर आपले जमणे कठीण आहे.

आपल्या मॅडमच्या निरोपाविषयी मी काहीच बोलणार नाही, कारण मी तिथे नव्हते. एवढेच विचारते : आपल्यानंतर मॅडम बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना ठरवलेले सगळे बोलता आले का? आपण उत्तर लिहिलेत, तर ते मी जसेच्या तसे प्रसिद्ध करीन.