जेजुरीचा फोटो तिसरा का आला

मित्रा, काल क्लबच्या फोटो स्पर्धेचा रिझल्ट लागल्यावर तू ग्रुपवर नुसता अंगठा टाकलास आणि गप्प झालास, तेव्हाच म्हटलं नीट लिहायला हवं. तुला विचारूनच इथे टाकतोय, क्लबातल्या बाकीच्यांच्याही कामाला येईल.

तुझा सोमवतीचा फोटो पहिल्या फेरीत आम्ही तिघा परीक्षकांनीही उचलला होता. पोरगा दोन्ही हात वर करून भंडारा उधळतोय, डोळे मिटलेले, तोंड उघडं, येळकोट कानावरच येतो. १/१००० ला कण हवेत थांबलेत, क्षण अचूक पकडलायस. तेवढ्यापुरता तू पहिल्या-दुसऱ्या आलेल्यांच्या पुढेच होतास.

मार्क गेले ते पिवळ्यात. मोठ्या स्क्रीनवर लावल्यावर पोराचं कपाळ, खांदे आणि मागचा भंडारा सगळा मिळून एकच सपाट पिवळा डाग, कण दिसेनात. तू म्हणशील हिस्टोग्राम तर बरोबर होता. असणारच, कारण तो पांढरा हिस्टोग्राम एकूण उजेड दाखवतो, रंग वेगवेगळे दाखवत नाही. हळदीच्या पिवळ्यात लाल सगळ्यात जास्त, हिरवाही बराच, निळा जवळजवळ नाहीच, त्यामुळे एकूण उजेड ठीक दिसतो आणि तोवर लाल चॅनल उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. त्यात तू घरी येऊन सॅच्युरेशन वाढवलंस (सणाचा फोटो म्हटलं की हात शिवशिवतात, माझेही), मग उरलंसुरलंही गेलं.

तुझी रॉ उघडून बघितली मी. सॅच्युरेशन शून्यावर आणलं, एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली घेतलं तर खांद्यावरचे कण परत आले, म्हणजे ते एडिटिंगमध्ये गेले होते. कपाळावरचे काही केल्या आले नाहीत, ते तिथे उन्हातच उडालेले. पुढच्या वेळी कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असा वेगळा हिस्टोग्राम चालू कर, लाल भिंतीला टेकला की कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश. चेहरा थोडा काळपट येईल, तो नंतर उचलता येतो, उडालेला पिवळा येत नाही.

पहिला आलेला फोटोही जेजुरीचाच बघ. गर्दी नाही, उधळण नाही, आजी पायरीवर सांडलेला भंडारा चिमटीने पदरात भरतेय. पण सावलीत काढलाय, म्हणून पिवळा मऊ आलाय आणि कण न् कण मोजता येतो. दुसरा, पावसातला धनगर, रंगाने फिकाच, तरी नजर त्याच्यावरून हलत नाही कारण मागे काहीच नाही. तुझ्या पोराच्या डोक्यातून मात्र दीपमाळ उगवलीय! अर्धं पाऊल डावीकडे सरकला असतास तरी ती सुटी झाली असती, गर्दीत तेवढं पाऊल मिळत नाही हेही कबूल.

आणि हो, दुसऱ्याला २५, तुला २४. तो एक मार्क मीच कापलाय, दीपमाळेचा. शिव्या मला घाल, बाकी दोघांना नको.