नागगोळी, फुलबाजी आणि मोठ्यांचे कान

दिवाळीच्या फटाक्यांवरचा आपला सगळा वाद कानांनी चालतो. सुतळी बॉम्ब वाईट, माळ वाईट, कारण आवाज. मग घरातलं शहाणं माणूस ठरवतं की यंदा आवाजाचं काही आणायचं नाही, मुलांसाठी "साधं" आणू: फुलबाज्या, भुईनळे, भुईचक्रं आणि सगळ्यात धाकट्यासाठी नागगोळ्या. नागगोळी ना उडते, ना फुटते, ना तिची ठिणगी पडते. काळा साप वळवळत वर येतो, मूल टाळ्या वाजवतं, फरशीवर डाग राहतो. संपलं.

या "साधं"च्या व्याख्येतच गडबड आहे. माझ्या मते मोठं झाल्यावर दिवाळीच्या रात्रीकडे बघायची पद्धत बदलायला हवी ती इथेच.

२०१६ साली पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एक सोपं काम केलं. नेहमीचे फटाके एकेक करून उडवले आणि हवेतले पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, कुठवर चढतात ते मोजलं. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. पहिला नंबर आला नागगोळीचा: दर घनमीटरला सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराची माळ तिच्या मागे, ३८,५०० च्या आसपास. फुलबाजी १०,४००, भुईचक्र ९,५००. आणि जो सगळ्यात जास्त भपका करतो तो भुईनळा या पाचांत शेवटचा, ४,९०० च्या आतबाहेर. आपल्याकडची दिवसभराच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. क्षणिक उच्चांक आणि चोवीस तासांची सरासरी यांची थेट तुलना करणं बरोबर नाही, हे मान्य. पण आपण "निरुपद्रवी ते भयंकर" अशी जी उतरंड मनात मांडलेली असते, ती या आकड्यांपुढे टिकली नाही, हे महत्त्वाचं.

असं का, हे जळण्याच्या रीतीवरून कळतं. बॉम्बमधली दारू बंद जागेत क्षणात पेटते, म्हणून आवाज. नागगोळीत याच्या नेमकं उलटं असतं. तिच्यात जळायला पदार्थ भरपूर आणि ऑक्सिजन पुरवणारा घटक तुटपुंजा. त्यामुळे ती धड जळतच नाही. जो साप आपण बघतो तो अर्धवट जळून फुगलेला कोळसा असतो, आणि जे उरतं ते दाट धूर होऊन निघतं. शिवाय ती जमिनीवर ठेवलेली असते आणि बघणारा उकिडवा बसून, नाक तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवून बघतो. फटाक्यांच्या दुकानात इतका वाईट योग दुसरा नसेल. पुडी स्वस्त असते, म्हणून आठ-दहा गोळ्या एका बैठकीत उडतात. तेही बऱ्याचदा जिन्यात किंवा गॅलरीत, कारण "त्याने काय होतंय?"

फुलबाजीचं प्रकरण वेगळं, आणि नियमांनी गेल्या काही वर्षांत जे बदललं ते समजून घ्यायलाही तीच उपयोगी. लोखंडी तारेवर लेप असतो. त्यात ऑक्सिजन देणारं नायट्रेट, ॲल्युमिनियमची पूड, लोखंडाचा कीस आणि हे सगळं धरून ठेवणारी खळ. पिवळसर, फांद्या फुटणारी फुलं लोखंडाची आणि लख्ख पांढरा झगमगाट ॲल्युमिनियमचा. जुन्या फुलबाजीत हे नायट्रेट बहुधा बेरियमचं असायचं. २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी घातली, जोडलेल्या माळाही बंद केल्या आणि दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ दिली. २०२१ मध्ये बेरियमबंदीची आठवण पुन्हा करून द्यावी लागली, यावरून ती किती पाळली जात होती ते समजा.

त्यातून आले "हरित फटाके". त्यांची सूत्रं बसवली नागपूरच्या नीरीने, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या आपल्याच घरच्या संस्थेने. या नावामुळे फार घोळ झाला आहे. हरित म्हणजे धूर नसलेला नव्हे, तर नेहमीच्या फटाक्यापेक्षा कणांचा धूर किमान ३० टक्के कमी असलेला. हिशेब करून बघा. शंभर भाग धूर करणारा फटाका आता सत्तर भाग करतो. "हरितच आहे" म्हणून दोन डब्यांऐवजी तीन आणले की दोनशेच्या जागी दोनशे दहा भाग. बचत गेली, वर दहा भाग जादा झाले.

खोका घेताना त्यावर नीरीचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो का ते बघा, आणि कोड खरंच स्कॅन करा. नुसतं चिन्ह कुणीही छापतं. आणखी एक खूण आहे, तिची मला दर वर्षी गंमत वाटते. चटक हिरवा उजेड जवळपास नेहमी बेरियमचाच असतो. तेव्हा "हरित" फटाक्यातून गडद हिरवा रंग निघाला, तर शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण धरू. लक्ष्मीपूजन झालं आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ वर्षांचं मूल, हातात दहा फुलबाज्या, दोन भुईनळे आणि नागगोळ्यांची एक पुडी. नागगोळ्या बाजूला ठेवा, त्यांच्यावर वेळ घालवू नका. मग पार्किंग सोडा. वर स्लॅब आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेत धूर कोंडतो, शेजारी गाड्यांच्या टाक्या असतात. उघड्यावर या आणि उदबत्तीच्या धुराकडे बघून वारा कुठून येतो ते ठरवा. मुलाची पाठ वाऱ्याकडे हवी, म्हणजे धूर त्याच्या तोंडापासून दूर जातो. सुती कपडे, पायात बंद बूट, आणि पेटवायच्या आधी पाण्याची अर्धी बादली जवळ.

फुलबाजी उभी धरू नये, टोक जरा खाली झुकवून हात लांब करून धरावी. ठिणग्या हातावर पडल्या तरी फारसं भाजत नाही, कारण एकेक कण इतका बारीक असतो की त्यात उष्णताच थोडी मावते. भाजते ती तार. जळणारं टोक हजार अंशांच्या पुढे असतं, आणि फुलं संपून लाली गेली तरी तार बराच वेळ चटका देण्याइतकी तापलेली राहते. ती खाली टाकली जाते आणि अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो. म्हणून विझलेली प्रत्येक तार थेट बादलीत. दोन-तीन फुलबाज्या एकत्र धरून पेटवण्याचा मोह मुलांना होतोच. त्या एकमेकींना तापवतात, लेप एकदम भडकतो आणि ज्वाला मुठीपर्यंत येते. एका वेळी एकच.

भुईनळा धुरात शेवटचा, पण फुटण्यात नाही. दारू ठासून भरलेली असते आणि वरून थराथराने जळत खाली जाते, वायू तोंडातून बाहेर पडतो. त्या ठासलेल्या दारूला भेग पडली असेल, तर आग भेगेत शिरते, एकदम मोठा भाग पेटतो, तेवढा वायू छोट्या तोंडातून निघू शकत नाही आणि मातीच्या कवचाच्या ठिकऱ्या उडतात. भेग कशाने पडते? बहुतेक वेळा ओल लागून पुन्हा सुकल्याने. गेल्या वर्षीचे उरलेले भुईनळे गच्चीवर उन्हात वाळवायचे, ही घरोघरची रीत नेमकी हेच करते. कानाशी धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं, किंवा कवचावर बारीक चीर दिसली, तर तो पेटवू नका. पेटवायला लांब उदबत्ती, शरीर बाजूला, चेहरा कधीही भुईनळ्यावर वाकलेला नको. आणि पेटला नाही, तर परत जाऊन फुंकर मारायची नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग लांबूनच पाणी ओता.

वेळेबद्दलही एक तक्रार. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून सूर्योदयाआधी पहिला फटाका उडवायचा, ही आपल्याकडची हौस. आवाजाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवायला मनाई आहेच. त्यापेक्षा मोठी अडचण हवेची. आश्विनाच्या अखेरीला रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. वारा पडलेला असतो. पहाटे पाच वाजता सोडलेला धूर वर जाऊच शकत नाही. ऊन जमीन तापवून हे झाकण उचलत नाही, तोवर, म्हणजे नऊ-दहापर्यंत, तो गल्लीतच राहतो. त्याच वेळेला आजोबा फिरायला निघतात. कारीट फोडा, उटणं लावा, फराळाला बसा. फटाका तेवढा संध्याकाळवर ढकलला, तर परंपरेचं काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पणतीचं एवढंच सांगतो, की तीही धूर करते आणि तो आपल्या हातात असतो. नवी मातीची पणती आधी चार-पाच तास पाण्यात बुडवून, मग सुकवून घ्या. नाही तर कोरडी माती तेल पिते, खाली फरशीवर तेलकट वर्तुळ उमटतं आणि वात तासाभरात कोरडी पडते. वात चोचीबाहेर तांदळाच्या दाण्याएवढीच ठेवा. जास्त बाहेर काढली की ज्योत लांब आणि लालसर होते, तिचं टोक थरथरतं आणि वरच्या भिंतीवर काजळी धरते. वात काडीने जरा मागे ओढली, की ज्योत आखूड आणि स्थिर होते.

रात्री सगळं आटोपलं, की न फुटलेले फटाके आणि तारा त्या बादलीत तशाच सकाळपर्यंत बुडवून ठेवा. सकाळी ओला कचरा पिशवीत बांधून द्या, आणि ते पाणी तुळशीला घालू नका.