तिसरी भेट आणि जागलीवरचा रेडिओ

पहिल्या भेटीत मुलाला बोलावं लागत नाही, हा आमच्याकडच्या पद्धतीचा फार मोठा गुण आहे. एका बैठकीत अकरा माणसं बसलेली असतात आणि त्यातली नऊ बोलत असतात. उरलेले दोघं म्हणजे मुलगा आणि मुलगी. त्या दिवशी मी एकूण दोन वाक्यं बोललो. "बी.एस्सी. ॲग्री झालो" आणि "नाही नाही, साखर चालते".

दुसऱ्या भेटीला तिच्याकडचे लोक आमचं घर पाहायला आले. त्यांनी घर कमी आणि विहीर जास्त पाहिली. तिचा काका तर विहिरीत इतका वाकला की माझ्या आईनं मागून त्याचं धोतर धरलं. तेवढ्यात आम्हाला ओसरीवर दहा मिनिटं मिळाली. ती देवळीकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, सकाळी साडेसातच्या एसटीनं जाते आणि ती एसटी साडेसातला कधीच येत नाही, एवढं मला कळलं. माझी सात एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटीत तूर घेतो, एवढं तिला कळलं. म्हणजे सातबारा दोन्हीकडचा झाला होता.

खरं संकट तिसऱ्या भेटीला असतं, कारण तोवर विचारण्यासारखं सगळं विचारून झालेलं असतं. शिक्षण झालं, पगार झाला, भावंडं झाली, आवडीनिवडी झाल्या. तिला वाचन आवडते, मलाही वाचन आवडते (मी खताच्या गोणीवरचं वाचतो). आता काय? आणि दोन्ही घरची मोठी माणसं तर ठरवूनच बसली, "पोरायले मोकळं बोलू द्या." हे म्हणजे पोहता न येणाऱ्याला तळ्याच्या मधोमध सोडून काठावरून टाळ्या वाजवण्यासारखं.

ठिकाण ठरलं कळंब. चिंतामणीचं देऊळ, आणि आमच्या दोघांच्या गावांच्या मधोमध. सोबत तिचा मावसभाऊ, वय सोळा, काम लक्ष ठेवणं.

माझी धाकटी बहीण अमरावतीला मानसशास्त्रात एम.ए. करते. आदल्या रात्री तिनं मला फोनवर शिकवणी दिली. अमेरिकेतल्या आर्थर ॲरन नावाच्या माणसानं १९९७ साली एक प्रयोग छापला. अनोळखी माणसांच्या जोड्या करायच्या, त्यांना ३६ प्रश्न द्यायचे आणि पाऊण तास आळीपाळीनं एकमेकांना उत्तरं द्यायला लावायची. प्रश्न साध्यापासून सुरू होऊन हळूहळू खोल जातात आणि शेवटी त्या दोघांना जवळीक वाटते. तिनं मला यादीच पाठवली. पहिला प्रश्न होता, जगातल्या कोणालाही जेवायला बोलवायचं झालं तर कोणाला बोलवाल? हा बरा होता. पस्तिसावा होता, घरातल्या कोणाच्या मरणाचं तुम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटेल? तो वाचून मी मोबाईल खिशात टाकला.

"दादा, प्रश्न पाठ नको करू," ती म्हणाली. "फक्त पायरी समजून घे. तू थोडं सांग, तिले थोडं सांगू दे. जेवढं तिनं उघडलं तेवढंच तू उघड. अन् स्वतःची एखादी कमजोरी सांग. पण लहान सांगजो बरं!"

लहान म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. फवारणीचं औषध घेताना मी दुकानदाराला पंपाला किती मिली टाकायचं हे दहा वेळा विचारतो. इथे विचारलं नाही.

चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागते. तिथल्या कुंडाचं पाणी बारा वर्षांनी वर येते, असं लोक सांगतात. दर्शन झालं, पायऱ्या चढून आम्ही वर आलो आणि समोरच्या हॉटेलात तर्रीपोहे घेऊन बसलो. मावसभाऊ शेजारच्या टेबलावर, मोबाईलमध्ये, पण त्याचा एक कान आमच्याकडे टांगलेला.

मी पहिला प्रश्न टाकला. "जगातल्या कोणालेही जेवाले बोलवाचं झालं, तर कोणाले बोलवान तुम्ही?"

तिनं क्षणभर विचार केला. "किती जन येतीन? अन् सयपाक कोन करन?"

यावर ॲरनच्या प्रयोगात काय उत्तर आहे, ते मला माहीत नव्हतं. मी घाबरून थेट कमजोरीवर उडी मारली. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी कशी खाल्ली, बोंडं फोडली की आत कशी गुलाबी अळी आणि पिवळी कवडी निघायची, त्या वर्षीचं पीककर्ज कसं थकलं, मग बापूची बीपीची गोळी कशी सुरू झाली, धाकट्या काकानं बांधावरून कसं भांडण काढलं आणि तहसीलची तारीख कशी अजून चालूच आहे. मी बोलतच होतो. पोह्यांवरची तर्री थिजली.

गडबड होऊन राहिली हे मला कळायला हवं होतं. खुणा सगळ्या होत्या. आधी ती मधेमधे विचारत होती, मग नुसतं "हो" म्हणू लागली, मग "हो"सुद्धा बंद झालं आणि ती चमच्यानं शेवेचे दाणे एका ओळीत लावू लागली. मावसभावानं मोबाईल खाली ठेवला. मी थांबलो तेव्हा ती सरकारी आवाजात म्हणाली, "बापूची गोळी रोज सुरू आहे न? सुटू नका देऊ."

खोटं मी काही बोललो नव्हतो. पण पंधरा लिटरच्या पंपात अख्खी बाटली ओतली होती. झाड जळणारच. कर्ज आणि बांध ही सांगण्याची गोष्ट आहेच, आणि लग्नाआधी सांगावीही लागते, पण ती पोह्यांवर नाही. त्यावर समोरचा माणूस काहीच करू शकत नाही. ना हसू शकत, ना बदल्यात आपलं काही देऊ शकत. तिच्याकडे काय बांधाचं भांडण होतं परत द्यायला?

शरमेनं मी बशी ओढली आणि थिजलेली तर्री थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर. मावसभाऊ मोठ्यानं हसला. ती उठली, गार पाण्यात रुमाल भिजवला आणि म्हणाली, "चोळू नका. दाबून धरा." मग स्वतःच हसली.

(यावरही प्रयोग आहे म्हणे. १९६६ साली एलियट ॲरनसन यानं दाखवलं की हुशार माणसाच्या हातून अंगावर कॉफी सांडली तर तो लोकांना जास्त आवडतो. मी खूश झालो. बहीण म्हणाली, "दादा, बेताच्या माणसानं सांडली तर तो अजून कमी आवडते, हे बी त्यातच आहे.")

रुमाल छातीला दाबून बसलेला माणूस फार रुबाब करू शकत नाही. त्यामुळे मी यादी सोडली आणि जे आठवलं ते विचारलं. "ते साडेसातची एसटी आता वेळेवर येते का?"

तिनं एकदम मान वर केली. "तुमच्या ध्यानात आहे?"

मग एसटी सुटली ती थांबेना. कंडक्टर तिला "सिस्टर" म्हणून पुढची जागा ठेवतो. एकदा गाडीतच एका म्हातारीची साखर उतरली, तेव्हा हिनं कोणाच्या तरी लग्नाचे पेढे फोडून तिला भरवले, आणि तो पेढेवाला वर्ध्यापर्यंत भांडत आला. मी फक्त "मग?" म्हणत होतो. मागच्या वेळचं एक वाक्य लक्षात ठेवलं, तर छत्तीसातले निदान वीस प्रश्न वाचतात, हा माझा स्वतःचा प्रयोग आहे.

ती थांबली आणि म्हणाली, "तुमी रात्री जागलीले जाता न? भेव नाही लागत?"

इथे माझ्याजवळ रानडुकराची एक तयार गोष्ट होती. त्यात मी नुसत्या काठीनं कळप पिटाळतो. ती आजवर चार ठिकाणी सांगितलेली आहे. पण शर्टावर तर्री होती.

"लागते," मी म्हणालो. "डुकरायचं नाही, रोह्याचं नाही. अंधाराचं. मी मचाणावर रेडिओ लावतो. गावाले सांगतो का जनावरं पळाले पाह्यजे म्हणून लावतो. पण तो मी माझ्यासाठीच लावतो. सेल उतरले का मी हनुमान चालिसा म्हणतो, अन् तेही मोठ्यानं."

ती हसली नाही. इकडेतिकडे पाहिलं, मावसभाऊ कुठे आहे ते बघितलं आणि आवाज खाली केला. "मी दिवसभर लोकायले सुया टोचते. लेकरायले म्हणते, काही नाही होत, मुंगी चावली समज. अन् २०२१ ले कोविडची लस पयले आमालेच दिली, त मी डोये मिटून सोबतच्या सिस्टरचा हात इतका दाबला का तिची बांगडी फुटली. अजून म्हणते ते, माही बांगडी आणून दे."

माझा रेडिओ आणि तिची बांगडी. वजन काट्यावर घातलं असतं तर काटा हलला नसता.

यानंतर मला जोर चढला आणि मी म्हणालो, "लग्नानंतर काश्मीरले जाऊ." तिनं हात वर केला, अगदी उपकेंद्रातल्या रांगेला थांबवतात तसा. "ते राहू द्या. सोले कवा येतात तुमच्या तुरीले?"

"जानेवारीत. दुसऱ्या आठवड्यात भरतीन शेंगा."

"मग दुसऱ्या रविवारी आमी येतो. शेंगा तुमी तोडा, सोलाचं काम माह्याकडे. सोलेवांगे तुमच्या आईच्या हातचे." थोडं थांबून ती म्हणाली, "वांगे आमच्या बाबाच्या मळ्यातले आणतो. त्यायले बी येनं होईल."

काश्मीरवर "पाहू" एवढंच उत्तर असते. सोलेवांग्याला तारीख होती, वाटून घेतलेलं काम होतं आणि वांगी कुठून यायची हेही ठरलेलं होतं. तीन आठवडे मी रोज तुरीच्या शेंगा दाबून पाहत होतो. इतकं लक्ष मी त्या तुरीला पेरल्यापासून दिलं नव्हतं.

चौथी भेट अशी आमच्या अंगणात झाली. चूल पेटलेली, ती आणि माझी बहीण टोपलं मधात घेऊन सोले सोलत होत्या, आणि तिचे बाबा बाजेवर ताठ बसलेले. मोठा करारी माणूस. दोन भेटींत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आई वांगी चिरता चिरता सहज म्हणाली, "आज तरी जागलीले नको जाऊ बाबू. रेडिओचे सेल उतरले, अन् त्याच्याबिगर तू भेतं."

बहीण म्हणाली, "आई!" बापू म्हणाले, "सगळ्या गावाले मालूम आहे, त्यात काय." शेजारच्या काकूनं कुंपणापलीकडून मान हलवली. म्हणजे जे गुपित मी आयुष्यात पहिल्यांदा कळंबला एका माणसाला सांगितलं होतं, ते बारा वर्षांपासून गावात चालू होतं. ती टोपल्यात तोंड घालून हसत होती आणि सोल्यांसोबत टरफलंही त्यातच टाकत होती.

तिचे बाबा काहीच बोलले नाहीत. जेवणं झाल्यावर हात धुवायच्या निमित्तानं मला नांदीपाशी बाजूला घेतलं, मागे वळून आपली बायको कुठे आहे ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "सेल किती दिवस पुरतात तुमचे?"