‘ते वेगळे’

कोल्हापुरातून पुण्याला बिऱ्हाड हलवून मला आता चाळीस दिवस झाले आहेत, आणि या चाळीस दिवसांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द कोणता असेल तर तो ‘वेगळे’ हा आहे. हमाली वेगळी, लिफ्ट नसेल तर जिन्याचे वेगळे, बिल हवे असेल तर कर वेगळा, करारनाम्याचे वेगळे, सोसायटीचे वेगळे. प्रत्येक जण आपापला आकडा अगदी नम्रपणे सांगतो. पण सगळ्यांचे मिळून किती होतील, हे सांगण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते.

निघण्याआधी मी हिशेब केला नव्हता असे नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या होत्या: पॅकर्स 18,000, डिपॉझिट 72,000, दलाली 12,000 आणि नव्या घरातील किरकोळ खरेदी 10,000. बेरीज एक लाख बारा हजार. त्यातून राजारामपुरीतल्या घरमालकांकडून परत मिळणारे माझे 30,000 वजा केले आणि खिशातून ब्याऐंशी हजार जातील, असे मी पत्नीला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. त्या कागदावरील एकही ओळ शेवटपर्यंत खरी राहिली नाही. डिपॉझिटची रक्कम तेवढी बरोबर निघाली. पण ती ज्या खात्यात मी धरली होती, ते खाते चुकले.

पॅकर्सपासून सुरुवात करतो, कारण माझा पहिला संताप तिथेच आहे. फोनवरील माणसाने विचारले, “साहेब, टू बीएचके ना? मग अठरा हजारांत सगळं आलं, काय टेन्शन घेऊ नका.” कोल्हापूर ते पुणे अंतर दोनशे तीस-चाळीस किलोमीटरच्या आसपास, रस्ता सरळ, त्यामुळे मलाही तो आकडा पटला. परंतु टू बीएचके हे सामानाचे माप नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवे होते. वाहतुकीत अंतरापेक्षा गाडी किती फुटी लागते यावर भाडे ठरते, आणि गाडी किती फुटी लागणार हे सामान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. आमच्यासारख्या घरांत तर खरे सामान खोल्यांत नसतेच, ते माळ्यावर असते. आईची लोखंडी पेटी, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, दिवाळीचा फराळ करायच्या मोठ्या कढया, मुलीचा पाळणा, धाकट्या भावाने ‘तात्पुरता’ ठेवलेला पलंग. फोनवर मी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन बेड असे सांगितले होते. माळ्याविषयी त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

परिणाम असा झाला, की सकाळी आलेली चौदा फुटी गाडी दुपारी एक वाजता भरली आणि आईची पेटी, पलंग व सोळा खोकी खाली फुटपाथवर उरली. मग सतरा फुटी गाडी मागवली, तिचे चार हजार वाढले. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय सामान उतरवण्याचे दोन हजार. पुण्यात सोसायटीच्या फाटकातून ती मोठी गाडी आत जाईना, म्हणून बाहेरच्या रस्त्यावरून सामान छोट्या हत्तीत भरून आत नेले, त्याचे दीड हजार. पंचवीस हजार पाचशे झाले, आणि पक्के बिल मागताच त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 4,590. अठरा हजारांचे तीस हजार नव्वद झाले. आणि हे सारे ठरत होते कधी? माझे अर्धे घर गाडीत आणि अर्धे रस्त्यावर असताना. अशा वेळी घासाघीस करण्याची ताकद कोणाकडे असते, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा फार चांगले ठाऊक होते.

त्यातल्या त्यात एका ठिकाणी मी वाचलो. त्याने ‘इन्शुरन्स’ म्हणून सामानाच्या सांगितलेल्या किमतीच्या तीन टक्के मागितले होते. दोन लाखांवर सहा हजार. मी फक्त एवढेच विचारले, की पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आहे आणि तिचा क्रमांक बिल्टीवर लिहून द्याल का. त्यावर बराच वेळ गेला आणि शेवटी कबुली आली, की ती पॉलिसी नसून त्यांच्याच कंपनीची ‘जोखीम’ घेण्याची फी आहे. म्हणजे सामान फुटले तर ज्याने फोडले त्यानेच ठरवायचे, की भरपाई द्यायची की नाही! मी ते पैसे दिले नाहीत. ती फी भरली असती तरी पुढे जे नुकसान झाले त्याची भरपाई मिळाली नसती. कारण खऱ्या विम्यातसुद्धा बाहेरून धक्क्याची खूण नसेल, तर यंत्राच्या आतला बिघाड सहसा वगळलेला असतो.

हे नुकसान वॉशिंग मशीनचे. पुढून दार असलेल्या मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लोंबकळत असतो, म्हणून ते हलवण्यापूर्वी मागच्या बाजूने तीन-चार लांब बोल्ट घालून ड्रम जखडावा लागतो. हे बोल्ट मशीन नवे येते तेव्हा त्यासोबतच येतात आणि बसवणारा मेकॅनिक ते काढून आपल्या हातात देतो. माझे बोल्ट कोणत्या डब्यात आहेत, हे मला सहा वर्षांत एकदाही आठवावे लागले नव्हते. पुण्यात मशीन पहिल्यांदा लावले, तेव्हा पिळण्याच्या वेळी ते खोलीभर चालू लागले. दुरुस्ती साडेतीन हजार. बबल रॅपचे चार वेढे बाहेरून गुंडाळणाऱ्या त्या ‘तज्ज्ञ’ मंडळींपैकी एकानेही बोल्टचा उल्लेख केला नाही.

आता घरभाड्याकडे येतो. वाकडमधील फ्लॅटचे भाडे चोवीस हजार आणि डिपॉझिट तीन महिन्यांचे, बहात्तर हजार. कोल्हापुरात मी दोन घरे बदलली, दोन्ही ओळखीतून मिळाली आणि दलालाला चहापलीकडे काही द्यावे लागले नाही. म्हणून पुण्यात अर्धा महिना धरला होता. दलालाने पूर्ण एक महिन्याचे भाडे घेतले, आणि तेवढेच घरमालकाकडूनही घेतले. त्याने केलेले काम म्हणजे तीन कुलुपे उघडली आणि तिन्ही वेळा ‘आजच टोकन द्या, संध्याकाळी पार्टी येतेय’ असे सांगितले.

करारनाम्याचे ‘पॅकेज’ साडेचार हजारांचे होते. घरी बसून मी हिशेब केला. महाराष्ट्रात अशा लिव्ह अँड लायसन्स करारावर अकरा महिन्यांचे भाडे अधिक डिपॉझिटवरील वार्षिक दहा टक्के गृहीत व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. माझ्या बाबतीत 2,64,000 आणि 6,600 मिळून 2,70,600, म्हणजे शुल्क सातशेच्या आत. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. कागद हाताळण्याची किरकोळ फी धरली तरी सरकारी रक्कम दोन हजारांच्या आसपास राहते. शिवाय 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. हे मी दलालाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “सर, तुमचं बरोबर आहे, पण इथं भाडेकरूच देतो.” कायदा बरोबर आणि रिवाजही बरोबर, आणि पैसे माझे. त्यावर सोसायटीने लिफ्ट वापरण्याचे तीन हजार घेतले, तेही परत न मिळणारे.

माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक मात्र या कोणाच्याही लबाडीत नव्हती, ती तारखांत होती. कोल्हापूरच्या घराची एक महिन्याची नोटीस आणि पुण्याच्या भाड्याची सुरुवात एकाच महिन्यात आली, त्यामुळे बंद घराचे नऊ हजार आणि नव्या घराचे चोवीस हजार आगाऊ, असे दोन्ही भाडे मी भरले. यांपैकी एकही माझ्या चार ओळींत नव्हते. आणि ज्या 30,000 च्या भरवशावर मी पुण्याचे डिपॉझिट भरणार होतो, ते जुन्या घरमालकांनी बावीस दिवसांनी दिले, रंगाचे सहा हजार कापून. काका स्वभावाने वाईट नाहीत; नवा भाडेकरू आल्यावर त्याच्या डिपॉझिटमधून माझे द्यायचे, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण पुण्यातला मालक किल्लीपूर्वी पूर्ण रक्कम मागतो. मधल्या बावीस दिवसांसाठी मला मेहुण्याकडून उसने घ्यावे लागले, आणि तो त्याची प्रत्येक जेवणात आठवण करून देतो.

नव्या घरातील ‘किरकोळ’ खरेदीविषयी लिहितानाही हात थरथरतो. सेमी-फर्निश्ड या शब्दात पंखे होते, कपाटे होती, पण गिझर नव्हता. कोल्हापूरचे पडदे पुण्याच्या खिडक्यांना वीतभर आखूड पडले. सोसायटीत टँकरचे पाणी येते, म्हणून फिल्टर घ्यावा लागला. आम्ही इतकी वर्षे नळाचे पाणी गाळून पीत होतो. नळाचा गॅस आहे, हे ऐकून पत्नीला आनंद झाला. पण सिलिंडरच्या शेगडीची जेट बारीक छिद्राची असतात आणि नळाच्या गॅसला मोठी लागतात, ती बदलेपर्यंत ज्योत काजव्यासारखी राहते. ती बदलून घेतली. मशीनची दुरुस्ती आणि इंटरनेट जोडणी धरून दहा हजारांच्या ओळीत बत्तीस हजार गेले.

डिपॉझिट आणि पुण्याचे पहिले भाडे मी आता वेगळ्या रकान्यात लिहिले आहे; एक अडकलेले आहे, दुसरे कुठेही राहिलो असतो तरी द्यावेच लागले असते. उरलेले, म्हणजे निव्वळ हलण्यासाठी गेलेले, एक लाख आठ हजार पाचशे नव्वद रुपये आहेत. दिनदर्शिकेच्या मागे याच खात्यात मी चाळीस हजार लिहिले होते. आणि एकाच वेळी हातात असायला हवी होती ती रक्कम जवळजवळ दोन लाख होती, जिचा मी विचारच केला नव्हता.

काल दलालाचा फोन आला होता. अकरा महिन्यांनी करार वाढवायचा झाल्यास भाड्यात दहा टक्के वाढ होईल, असे त्याने आत्ताच कळवून ठेवले. मी विचारले, “आणि तुमचे?” तो म्हणाला, “अर्धा महिना, सर. करारनाम्याचे वेगळे.”