दोन तृतीयांशांचा हट्ट

"दोन तृतीयांश आमदार गेले की ते पक्षांतर होतच नाही. मग विधानसभा अध्यक्षांनी शिंदेंच्या 16 जणांना अपात्र ठरवायचं तरी कशावर?"

कोल्हापूरच्या दादाने घरच्या ग्रुपवर हे टाकलं, तेव्हा मी इथे ब्रिटनमध्ये बिन बाहेर ठेवत होतो. तसाच थंडीत उभा राहून उत्तर लिहीत बसलो.

दादा, दोन तृतीयांशांचं कवच दुसऱ्या पक्षात विलीन होणाऱ्यांना आहे. जून 2022 मध्ये सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेलेले कुठेच विलीन झाले नाहीत, 'आम्हीच शिवसेना' म्हणाले. नुसत्या फुटीला मिळणारी सवलत एक तृतीयांशाची होती, ती 2003 मध्ये गेली. अध्यक्ष नार्वेकरांनी 10 जानेवारी 2024 ला खरा पक्ष कोणता हेच आधी ठरवलं. पक्षाची 2018 ची घटना बाजूला ठेवून 1999 ची धरली आणि आमदारांच्या बहुमतावरून शिंदे गट खरा ठरवला. मग ठाकरेंच्या प्रतोदाचा व्हीप त्यांना लागू होईना. अपात्र कोणीच झालं नाही, ठाकरे गटातलंही नाही.

मामांची हयात वकिलीत गेली. ते नेमकं इथेच अडले. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 ला सांगितलं होतं की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, आमदारांचा गट नाही. मग पक्ष कोणाचा, हे शेवटी आमदार मोजून कसं ठरतं? दादाकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

काकूंनी मध्येच त्यांच्या नगरपालिकेतल्या फुटलेल्या नगरसेविकेचं विचारलं. त्यांचा कायदा वेगळा, 1986 चा, आणि तिथे फैसला जिल्हाधिकारी करतात. मला तेच बरं वाटतं. आमदारांचा फैसला अध्यक्षांच्या हातात आणि पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात मुदत कुठेच नाही. अर्ज जून 2022 चे, निकाल दीड वर्षाने, तोही न्यायालयाने तारीख बांधून दिल्यावर. शिवाय ज्यांच्यावर अर्ज होते, त्यांचीच मतं या अध्यक्षांच्या निवडीत होती. इथे सभापती निवडून आला की पक्ष सोडतो. मी हे अभिमानाने लिहिलं.

"आणि तिथले खासदार?" मामांनी विचारलं. जानेवारी 2022 मध्ये बरी साउथचे खासदार हुजूर पक्षातून मजूर पक्षात गेले आणि जागा त्यांच्याकडेच राहिली. हे मला माहीत होतं. मी ते मुद्दाम गाळलं होतं.

मग दादाने लिहिलं, "पासपोर्ट बदललास तेव्हा कोणाला विचारलंस?"

ते लागलं. ऑक्टोबर 2019 मध्ये सुट्टीवर होतो, बाबांबरोबर रांगेत उभा राहून मत दिलं होतं. मी ज्याला दिलं, तो गुवाहाटीला गेला. तो राग अजून उतरलेला नाही, पण नोव्हेंबर 2024 मध्ये तो मतपेटीत टाकायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता. कौन्सिल निवडणुकीचं पोलिंग कार्ड फ्रिजवर लावलेलं आहे. त्या निवडणुकीतल्या एकाही उमेदवाराने पक्ष बदलला, तर मला कळणारही नाही.