पार्किंगचं डिपॉझिट परत मिळत नसतं, हे काकूंना कोणी सांगितलं?

आज संध्याकाळी भाजी घेऊन वर येताना लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. काका जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची गाडी गेल्या महिन्यात विकली. मी सहज विचारलं, "मग पार्किंग सोडलं का?" तर म्हणाल्या, "सोडलं गं, पण ऑफिसात म्हणाले डिपॉझिट परत मिळत नसतं. आणि पावती ह्यांच्या नावावर आहे, त्यामुळे माझा काही संबंधच नाही." एवढं बोलून त्या तिसऱ्या मजल्यावर उतरून गेल्या. मी पाचव्यावर उतरले, भाजीची पिशवी तशीच ओट्यावर टाकली आणि हे लिहायला बसले.

कारण हेच वाक्य गेल्या वर्षी माझ्या बाबांना ऐकवलं होतं. त्याच ऑफिसात, त्याच टेबलावरून.

बाबांनी २०१३ मध्ये सोसायटीकडून स्टिल्टमधली एक जागा महिन्याच्या भाड्याने घेतली होती. डिपॉझिट १२,००० रुपये, बिनव्याजी. भाडं वाढत वाढत महिना ६०० झालं होतं, ते तिमाही मेंटेनन्सच्या बिलातच यायचं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यावर बाबांनी स्वतःहून ठरवलं की आता गाडी चालवायची नाही. जानेवारीत गाडी विकली. गाडी द्यायच्या आदल्या रात्री गरम पाण्याचं फडकं आणि दाढीचं ब्लेड घेऊन ते खाली गेले आणि काचेवरचा सोसायटीचा स्टिकर खरवडून काढला. तीन तुकडे झाले. ते तुकडे त्यांनी पार्किंग रद्द करायच्या अर्जाच्या मागच्या पानावर सेलोटेपने नीट जुळवून चिकटवले, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की स्टिकर परत दिला नाही. माझे बाबा असे आहेत.

५ फेब्रुवारीला तो अर्ज त्यांनी खाली नेला. ऑफिस बंद होतं, म्हणून वॉचमनकडे दिला. चूक झाली ती इथेच, आणि एवढीच. हातात काही राहिलं नाही. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक त्यांना द्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. शिक्का नाही म्हणाले तर नुसती सही आणि तारीख चालते. सही करायलाही नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने सेक्रेटरींच्या नावे पाठवायचा. हे सगळं ज्या तारखेसाठी करायचं, तिच्यावरच तुमचे पैसे ठरतात. पार्किंग देतानाच्या पत्रात एक महिन्याची नोटीस लिहिली असेल, तर तो महिना पोच मिळाल्याच्या दिवसापासून मोजला जातो. गाडी कधी विकली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

बाबांचं मार्चपर्यंतचं भाडं भरलेलं होतं. म्हणजे नोटिशीचा महिनाही त्यातच संपला. एप्रिलपासून एक रुपयाही देणं लागत नव्हतं. पण एप्रिलच्या बिलात पुन्हा १,८०० रुपये. जुलैच्या बिलात पुन्हा, ऑक्टोबरच्या बिलात पुन्हा. बाबा दर वेळी पार्किंगचे पैसे वजा करून बाकीचा चेक द्यायचे. त्यांना वाटायचं, कळेल त्यांना, होईल दुरुस्त. दुरुस्त काही झालं नाही. उलट राहिलेल्या रकमेवर वर्षाला २१ टक्क्यांनी व्याज चढत गेलं. उपविधीत थकबाकीवर सरळव्याजाने जास्तीत जास्त २१ टक्के लावायची मुभा होती, आणि आमच्या सोसायटीने पूर्ण २१ लावले होते.

डिसेंबरअखेर बाबा डिपॉझिट मागायला गेले. मॅनेजरने आधी तेच सांगितलं, "काका, डिपॉझिट परत मिळत नसतं." बाबांनी पावती दाखवली, तिच्यावर स्पष्ट छापलं होतं 'परतावा योग्य ठेव'. मग हिशेब निघाला. तीन तिमाहींचे ५,४००, त्यावर व्याज ४७२, आणि खांबावरचा नंबर पुन्हा रंगवायचे ५००. म्हणजे १२,००० मधून ५,६२८ मिळणार. सोबत एक व्हाउचर, खाली लिहिलेलं 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कोणतीही मागणी नाही'.

बाबा सही करणार होते. "जाऊ दे ना, कशाला वाद," म्हणाले. त्या दिवशी मी सोबत नसते तर सही झाली असती आणि विषय तिथेच मिटला असता. हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. पंचवीस वर्षं ज्या माणसाने एक बिल उशिरा भरलं नाही, त्याच्या पुढ्यात असलं व्हाउचर सरकवायचं?

मी ते व्हाउचर तिथेच ठेवलं आणि खाली पार्किंगमध्ये गेले. बाबांच्या गाडीतून ऑइल गळायचं, फरशीवर त्याचा काळा डाग होता, आफ्रिकेच्या नकाशासारखा. त्या डागावर एक पांढरी नवीकोरी गाडी उभी होती. वॉचमनला विचारलं, "ही कधीपासून लागते इथे?" तो म्हणाला, "मॅडम, पाडव्यापासून."

पाडवा एप्रिलमधला. म्हणजे ज्या महिन्यापासून बाबांच्या नावावर भाडं चढत होतं, त्याच महिन्यापासून त्याच जागेचं भाडं दुसऱ्या सभासदाकडूनही येत होतं. त्याच्याकडून नवीन डिपॉझिटही घेतलेलं होतं. एका जागेचं दोघांकडून भाडं! मी खांब, नंबर, डाग आणि गाडी एकत्र येतील असा फोटो काढला आणि पुन्हा वर गेले.

मॅनेजर म्हणाला, "पण रद्द केल्याचा अर्जच आला नाही." मी म्हटलं, आमच्या फ्लॅटची फाइल दाखवा. प्रत्येक फ्लॅटची एक फाइल सोसायटीच्या ऑफिसात असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. खरेदीचा करार, नॉमिनेशन, जुने पत्रव्यवहार, सगळं त्यात लावलेलं असतं. सभासदाला आपल्या व्यवहाराच्या नोंदी आणि सोसायटीचा ताळेबंद बघायचा हक्क सहकार कायद्यानेच दिलाय, त्यासाठी कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. अर्धा तास कुरकुर झाली, पण फाइल आली. वरून चौथा कागद बाबांचा अर्ज. मागच्या पानावर सेलोटेपने चिकटवलेले स्टिकरचे तीन तुकडे. आणि समासात पेनने लिहिलेलं, 'पार्किंग रद्द, बिलात नोंद करणे, ६/२'. अक्षर मॅनेजरचंच.

कोणी काही बोललं नाही. मला रडूच आलं. ते तुकडे इतके नीट जुळवलेले होते.

आता कोणी म्हणेल, कमिटीवरचे लोक नोकऱ्या सांभाळून फुकट काम करतात. करतात, मान्य. गाडी गेली तरी अर्ज न देता वर्षभर गप्प बसणारे सभासदही असतात, त्यांच्याकडून भाडं वसूल केलंच पाहिजे, तेही मान्य. खरी थकबाकी असेल तर ती डिपॉझिटमधून वळती होणार, त्यात चूक नाही. पण अर्ज फाइलला लावायचा, जागा दुसऱ्याला द्यायची आणि बिलातलं नाव तेवढं काढायचं नाही, याला थकबाकी म्हणत नाहीत.

आणि ते 'परत मिळत नसतं' कुठून येतं, तेही मला नंतर कळलं. घेतलेलं डिपॉझिट हे सोसायटीचं देणं असतं, ताळेबंदात देण्याच्या बाजूला दिसलं पाहिजे. आमच्याकडे जुन्या कमिटीने काही वर्षांपूर्वी जुनी डिपॉझिटं परस्पर दुरुस्ती निधीत वळवून टाकली होती. म्हणून आताच्या लोकांना ती वहीत सापडतच नाहीत, आणि सापडत नाहीत म्हणून ते परत मिळत नाही म्हणतात. वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर जो ताळेबंद येतो, तो वाचल्याशिवाय रद्दीत टाकू नका. पार्किंग ठेवींची रक्कम मागच्या वर्षीपेक्षा कमी दिसली आणि तेवढी परत दिल्याचं कुठे दिसत नसेल, तर सभेत उभं राहून विचारा.

आम्ही पुढे काय केलं ते सांगते. दुसरा अर्ज दिला, एकाच पानाचा. पहिल्या अर्जाची तारीख, मॅनेजरच्या शेऱ्याची तारीख, जागा दुसऱ्याला दिल्याचा महिना, आणि मागणी: तिन्ही तिमाहींची आकारणी व्याजासह रद्द करून १२,००० अकाउंट पेयी चेकने द्यावेत. सोबत पावतीची झेरॉक्स आणि तो फोटो. खाली एकच ओळ, 'प्रत माहितीसाठी: उपनिबंधक, सहकारी संस्था'. आणि प्रत खरंच पाठवली. बारा हजारांसाठी कोणी सहकार न्यायालयात जात नाही, हे कमिटीला पक्कं माहीत असतं. पण उपनिबंधकांकडून खुलासा मागणारं पत्र आलं की उत्तर सेक्रेटरींच्या सहीने द्यावं लागतं. पुढच्याच कमिटी मीटिंगमध्ये ठराव झाला.

चेक आला ११,५०० चा. रंगाचे पाचशे बाबांनी सोडून दिले, मला न विचारता. मी चिडले तर म्हणाले, "खांब रंगवला त्यांनी, दिसतोय की." खांब नव्या सभासदासाठी रंगवला होता, बाबा! पण असो. ते समाधानात होते. चेक बँकेत टाकायला स्वतः चालत गेले.

तर काकू, तुम्ही फेसबुकवर नाही, पण तुमची मुलगी हे वाचेल म्हणून लिहिते. फ्लॅट आणि भागपत्र दोन्ही तुमच्या नावावर झालेले आहेत. काकांची जागा सभासद म्हणून तुम्ही घेतली आहे, मग त्यांची ठेव तुमची कशी नाही? मृत्यूचा दाखला आणि भागपत्राची झेरॉक्स अर्जाला जोडायची. पावती घरात सापडली नाही तरी घाबरायचं नाही, पावतीपुस्तकाची स्थळप्रत त्यांच्याकडेच असते आणि काकांच्या खात्यावर नोंद असते. ती शोधणं त्यांचं काम आहे. तुम्ही पार्किंग 'सोडलं' म्हणालात, पण तोंडी सांगितलं असेल तर भाडं अजून चालूच आहे, म्हणून उद्याचा दिवससुद्धा वाया घालवायचा नाही.

ऑफिस संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. मी साडेसहाला तिसऱ्या मजल्यावर येते. अर्जाच्या दोन प्रती आत्ताच लिहून ठेवल्यात, फक्त गाडीचा नंबर आणि तुमची सही राहिली आहे. बाबाही येतो म्हणालेत.