तार म्हणजे नुसती तार नव्हे: किरचॉफच्या नियमांची हद्द

«किरचॉफचे नियम विद्युतभार आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेवर उभे आहेत, ते कधीच मोडत नाहीत. लांब तारेची चिंता गिगाहर्ट्झवाल्यांनी करावी. 1 किलोहर्ट्झला तार म्हणजे तार.» असं ठामपणे सांगणारे भेटतात. त्यातला एकेक मुद्दा तपासू.

अक्षय्यता. विद्युतभार नाहीसा होत नाही, हे खरंच. पण जोडात जेवढा प्रवाह शिरतो तेवढाच बाहेर पडतो, हा प्रवाहाचा नियम आणखी एक गोष्ट धरून चालतो: जोडाच्या जागी भार साठत नाही. वेढ्यातल्या व्होल्टेजची बेरीज शून्य, हा व्होल्टेजचा नियमही तसाच, वेढ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलत नाही असं गृहीत धरतो. ही गृहीतकं कुठे कोसळतात ते टेबलावर दिसतं.

50 ओहमचा फंक्शन जनरेटर घ्या. बीएनसी टी लावून 10 मीटर आरजी-58 केबल जोडा, तिचं दुसरं टोक उघडं ठेवा आणि टीच्या उरलेल्या तोंडाला थेट ऑसिलोस्कोप लावा (इनपुट 1 मेगओहमवर). उघड्या टोकाला 5 व्होल्ट देणारा 1 किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल सोडा. टाइमबेस 50 नॅनोसेकंदांवर आणला की चढत्या कडेवर पायरी दिसते: आधी 2.5 व्होल्ट, सुमारे 100 नॅनोसेकंद तिथेच सपाट, मग 5. या 100 नॅनोसेकंदांत केबलमध्ये 50 मिलिअँपिअर शिरतात आणि पलीकडून काहीच बाहेर पडत नाही. हिशेब जुळतो: 5 नॅनोकूलंब, म्हणजे मीटरला 100 पिकोफॅरड या दराने 1 नॅनोफॅरडवर 5 व्होल्ट.

«मग केबलच्या जागी 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरा, नियम परत लागू!» असं कुणी म्हणेल. धरून बघा. 50 ओहममधून तो शून्यापासून वळणदार चढेल; थेट अर्ध्यावर उडी आणि सपाट पायरी त्यातून निघत नाही. केबलचे बरेच छोटे एल-सी तुकडे केले, तरच प्रत्येक तुकड्यात नियम पुन्हा चालतात.

1 किलोहर्ट्झ. फसगत इथेच होते. सिग्नल सेकंदाला किती वेळा येतो याला महत्त्व नाही, कड किती वेगाने चढते ते बघायचं. आरजी-58 मध्ये सिग्नलला मीटरमागे 5 नॅनोसेकंद लागतात. एकेरी विलंब चढण्याच्या वेळेच्या सहाव्या हिश्श्याखाली असेल, तर तार सहसा नुसती तार मानता येते. 5 नॅनोसेकंदांच्या कडेला ही मर्यादा जेमतेम 17 सेंटिमीटर! हाच 1 किलोहर्ट्झ शुद्ध साइन असता, तर 10 मीटरवर काहीही जाणवलं नसतं.

लांबच्या टोकाला स्कोप लावलात तर 50 नॅनोसेकंद उशिरा स्वच्छ 5 व्होल्ट दिसतील, कारण परतलेली लाट जनरेटरच्या 50 ओहममध्ये जिरते. दोष नाही असं वाटतं ते त्यामुळेच. स्रोत 10 ओहमचा लॉजिक गेट असेल तर तिथेच सिग्नल हेलकावे खातो. गेटच्या पायाशी 39 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घातला की थांबतो.

गिगाहर्ट्झ. लांब तारेची चिंता फक्त तिथेच नसते. 50 हर्ट्झची तरंगलांबी 6000 किलोमीटर. 400 किलोमीटरच्या, टोकाला भार नसलेल्या लाइनवर त्या टोकाचं व्होल्टेज पाठवलेल्यापेक्षा साधारण 9 टक्के जास्त भरतं. याला फेरांटी परिणाम म्हणतात, आणि तो दाबायला उपकेंद्रात शंट रिअॅक्टर बसवतात.